एका एलन बोल्टचे तेहतीस आटे

भोसरीच्या एका कारखान्याने नव्या कॅटलॉगचं काम दिलं तेव्हा त्यांची अट एका ओळीची होती. प्रत्येक नग तिरका दिसायला हवा, डोक्यातला षटकोनी खळगा दिसायला हवा, आणि डोक्याच्या पुढच्या कडेपासून शेपटीच्या शेवटच्या आट्यापर्यंत सगळं धारदार हवं. कारखान्यातल्या सुपरवायझर काकांनी मला त्यांचा जुना कॅटलॉग दाखवला. त्यात प्रत्येक बोल्टचं डोकं स्वच्छ आणि मागचा भाग धुक्यात गेल्यासारखा होता. "मॅडम, गिऱ्हाईक आटे बघतो. डोकं सगळ्यांचं सारखंच असतं," ते म्हणाले.

पहिला नग होता एम-४ गुणिले २५, झिंक प्लेटिंग केलेला एलन बोल्ट. डोक्याचा व्यास ७ मिमी, डोक्याची उंची ४ मिमी, म्हणजे एकूण लांबी २९ मिमी. आट्यांचा पिच ०.७ मिमी. मोठ्या वस्तूंचे फोटो मी बरीच वर्षं काढते आहे, त्यामुळे अॅपर्चर बंद करत नेलं की सगळं फोकसमध्ये येईल, असं मी धरून चालले होते. एपीएस-सी सेन्सरचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ९० मिमीची मॅक्रो लेन्स, बोल्ट सेन्सरवर प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराचा पडेल इतकं अंतर, आणि अॅपर्चर थेट एफ २२. आलेल्या फोटोत मागचे आटे मऊ होतेच, पण जिथे फोकस बरोबर होता ते डोकंसुद्धा मऊ होतं.

दोन्हींची कारणं वेगळी आहेत. इतक्या जवळून एफ २२ ला मिळणारी फोकसची खोली जेमतेम अडीच मिमी असते. माझा बोल्ट कॅमेऱ्याच्या दिशेने ४५ अंशांत होता आणि पुढच्या कडेपासून शेपटीपर्यंतची त्याची खोली भरत होती २४ मिमी. म्हणजे अॅपर्चर पूर्ण बंद करूनही मला दहावा हिस्साच मिळत होता. डोकं मऊ पडलं ते विवर्तनामुळे. निम्म्या आकाराला लेन्सवरचं एफ २२ हे प्रत्यक्षात एफ ३३ सारखं वागतं, आणि एवढ्या बारीक छिद्रातून आलेला प्रकाशाचा प्रत्येक बिंदू सेन्सरवर दहा-अकरा पिक्सेल रुंद पसरतो. एका फोटोत हे काम होणारच नव्हतं. एफ ८ वर यायचं, फोकस थोडा थोडा मागे नेत अनेक फोटो काढायचे आणि प्रत्येकातला फक्त धारदार भाग उचलून एक चित्र जोडायचं, म्हणजे फोकस स्टॅकिंग करायचं, एवढाच मार्ग उरला.

थोडा थोडा म्हणजे नेमका किती, हे मी स्टीलच्या पट्टीने ठरवलं. अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असलेली पट्टी बोल्टच्या जागी ४५ अंशांत टेकवली, एफ ८ ला एक फोटो काढला आणि पडद्यावर पूर्ण मोठा करून पाहिला. सुमारे १.४ मिमी लांबीतल्या रेघा कातीव दिसत होत्या. पट्टी तिरकी असल्यामुळे या आकड्याला १.४ ने भागायचं, की खरी खोली मिळते. माझ्याकडे ती आली १ मिमी. दोन फोटोंमधले धारदार पट्टे एकमेकांवर थोडे चढायला हवेत, म्हणून पाऊल ०.६ ते ०.७ मिमीचं धरलं. सूत्रंही आहेत, पण त्यांत 'धारदार' कशाला म्हणायचं हे आपणच ठरवायचं असतं. पट्टीवर ते डोळ्यांना दिसतं, म्हणून मी अजूनही लेन्स किंवा अंतर बदललं की आधी पट्टीचा फोटो काढते.

त्याच वेळी दुसरी गोष्ट लक्षात आली. बोल्ट ४५ ऐवजी ६० अंशांत वळवला, म्हणजे थोडा आडवा केला, तर खळगा तरीही स्वच्छ दिसतो आणि खोली २४ वरून १९ मिमीवर येते. काकांना दोन्ही फोटो दाखवले, त्यांना दुसरा जास्त आवडला, कारण त्यात आट्यांची लांबी नीट कळत होती. पाच मिलिमीटर असे फुकट वाचले.

पहिला स्टॅक मी रेलवर काढला. कॅमेरा स्क्रूच्या रेलवर बसवायचा, फोकसची रिंग चिकटपट्टीने जाम करायची आणि मूठ फिरवत अख्खा कॅमेरा पुढे सरकवायचा. जोडणी केली हगिन या फोटो जोडायच्या सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या मोफत साधनांनी. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी त्या दोन ओळी इथे देते:

```
align_image_stack -m -a al_ b_*.tif
enfuse --exposure-weight=0 --saturation-weight=0 --contrast-weight=1 --hard-mask -o out.tif al_*.tif
```

पहिली ओळ सगळे फोटो एकमेकांवर बसवते. फोकस बदलला की चित्राचा आकारही किंचित बदलतो, तो `-m` मुळे जुळवला जातो. दुसऱ्या ओळीत एक्स्पोजर आणि रंगाच्या घट्टपणाला शून्य वजन देऊन फक्त कॉन्ट्रास्टला वजन दिलं आहे. ज्या फोटोत त्या जागेचा कॉन्ट्रास्ट सगळ्यांत जास्त, तिथला पिक्सेल घ्यायचा, असा त्याचा अर्थ.

निकाल लांबून उत्तम वाटला. मोठा करून पाहिला तर डोक्याच्या कडेमागून जिथे आटे बाहेर पडतात, तिथे कडा दुहेरी होती. पहिले दोन आटे अर्धवट कापल्यासारखे दिसत होते. मी दोन दिवस जोडणीच्या सेटिंगशी झगडले आणि चूक तिथे नव्हतीच. निम्म्या आकाराला ९० मिमीच्या लेन्सपासून बोल्ट सुमारे २७ सेंटिमीटर दूर असतो. पूर्ण बोल्ट पार करायला कॅमेरा त्यातले जवळजवळ दोन सेंटिमीटर पुढे सरकला होता. इतकं जवळ गेल्यावर पुढचं डोकं मोठं दिसतं आणि मागचे आटे जास्त झाकतं. पहिल्या फोटोतली कड आणि शेवटच्या फोटोंतली कड वेगवेगळ्या जागी होती, आणि हे दोन्ही खरं होतं. कुठलीही जोडणी त्यातून एकच कड बनवू शकत नाही.

म्हणून रेल सोडली आणि कॅमेरा जागेवर ठेवून फोकसच बदलायला लागले. माझ्या कॅमेऱ्यात फोकस ब्रॅकेटिंग आहे, म्हणजे कॅमेरा स्वतःच फोकस पावलापावलाने सरकवत फोटो काढत जातो. त्यात पावलाचा आकार नुसत्या क्रमांकाने निवडायचा असतो, मिलिमीटर कुठेच लिहिलेले नसतात. पुन्हा स्टीलची पट्टी लावली, प्रत्येक क्रमांकाला धारदार पट्टा किती सरकतो ते मोजलं आणि ०.६ मिमी देणारा क्रमांक वहीत लिहून ठेवला. १९ मिमीला ३२ फोटो, शिवाय डोक्याच्या आधी चार आणि शेपटीच्या नंतर चार, असे ४०. दोन्ही टोकांचे जास्तीचे फोटो वाया जातात, पण एक जरी कमी पडला तरी पुढची कड हातची जाते. दुहेरी कड जवळजवळ नाहीशी झाली.

आता नवीन दोष आला. बोल्टच्या मधोमध, आडवा, दोन आट्यांच्या रुंदीचा मऊ पट्टा. असा पट्टा दोन कारणांनी येतो आणि तो ओळखता येतो. पाऊल मोठं पडलं असेल तर पट्टे ठरावीक अंतराने पूर्ण लांबीत येतात. माझ्याकडे एकच होता, म्हणजे एखादा फोटो हललेला असणार. चाळीस फोटो एकेक करून पाहिले, एकोणिसावा हललेला सापडला. शटर पाव सेकंदाचं होतं आणि शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस चालते. तिचा ठोका जमिनीतून टेबलात येतो, आपल्याला पायालाही जाणवत नाही. टेबलाखाली रबर घातलं, थोडा फरक पडला. शेवटी तिथल्या दादांना विचारून त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत आणि गुरुवारी, एमआयडीसीच्या आठवड्याच्या सुट्टीला, फोटो काढायचं ठरवलं. फ्लॅश वापरला असता तर हा प्रश्न आला नसता, कारण फ्लॅशची चमक फार थोडा वेळ असते. पण मला पुढे जे करायचं होतं त्यासाठी उजेड सतत डोळ्यांसमोर हवा होता.

तो उजेडाचा भाग सगळ्यांत जास्त वेळ खाऊन गेला, आणि तोच मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. डोक्याच्या गोल बाजूवर दोन एलईडी पॅनेलची प्रतिबिंबं पडत होती. प्रत्येक फोटोत ती ठीक दिसायची. जोडलेल्या चित्रात मात्र त्यांच्या कडेला पांढऱ्या फुगलेल्या रेषा यायच्या आणि खालचे बारीक दाते, म्हणजे बोट घसरू नये म्हणून डोक्यावर काढलेलं नर्लिंग, मध्येच पुसलं जायचं. याचं उत्तर मला आधीच्या एका कामातून मिळालं. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांचे फोटो काढताना मण्याचा पृष्ठभाग एका फोटोत धारदार यायचा आणि त्यावरची खिडकीची चमक पुढच्या फोटोत. तेव्हा मी ते नुसतं पाहून सोडून दिलं होतं. आता त्यामागचं कारण लक्षात आलं. फुगीर चकचकीत पृष्ठभाग हा बहिर्वक्र आरसा असतो. लांबच्या दिव्याचं प्रतिबिंब त्यात पृष्ठभागावर तयार होत नाही, तर पृष्ठभागाच्या मागे, त्रिज्येच्या निम्म्या अंतरावर तयार होतं. दोन मिलिमीटरच्या मण्यात ते अर्धा मिमी आत असतं. माझ्या बोल्टच्या डोक्याची त्रिज्या साडेतीन मिमी, म्हणजे चमक पावणेदोन मिमी आत. पाऊल ०.६ मिमीचं असताना हा तीन फोटोंचा फरक झाला.

आता जोडणीच्या बाजूने पाहू. तिला बोल्ट ठाऊक नसतो, ती कॉन्ट्रास्ट शोधते. दिव्याची पांढरी कड नर्लिंगच्या दात्यापेक्षा कितीतरी ठळक. म्हणून जिथे दिव्याची कड धारदार आहे तो फोटो निवडला जातो, आणि त्या फोटोत धातूचा पृष्ठभाग फोकसबाहेर गेलेला असतो. शिवाय जिथे चमक फोकसबाहेर आहे तिथे तिचा गोल फुगतो, आणि त्या फुग्याच्या कडेलाही कॉन्ट्रास्ट असतो.

पोलरायझर लावून पाहिलं. दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर आडवा फिरवलेला पोलरायझर ठेवला की धातूची चमक जाते खरी, पण चमक हीच धातूची ओळख असते. बोल्ट राखाडी प्लास्टिकचा दिसू लागला. ते सोडलं. उपाय साधा निघाला. ट्रेसिंग पेपरची नळी करून बोल्टभोवती उभी केली, पुढून लेन्सपुरतं भोक ठेवलं आणि दिवे नळीपासून हातभर लांब नेले. आता बोल्टला दिवा दिसत नाही, फक्त पांढरा कागद दिसतो, मधोमध उजळ आणि कडेला हळूहळू मंद होत जाणारा. प्रतिबिंब आहे, पण त्याला कड नाही, त्यामुळे जोडणीला पकडायला काही उरत नाही आणि ती नर्लिंगकडे वळते. नुसत्या कागदात बोल्ट फिकट आणि सपाट वाटत होता, म्हणून कागदाच्या बाहेरून काळ्या कार्डाच्या दोन पट्ट्या लावल्या. बाहेरून लावल्यामुळे त्यांच्याही कडा मऊ पडतात आणि बोल्टच्या दोन्ही बाजूंना गडद रेघ मिळून त्याचा गोलवा उठतो. या पट्ट्या मी डोळ्यांनी बघत बोटाबोटाने सरकवल्या. फ्लॅशने हे जमलं नसतं.

बोल्ट अधांतरी धरण्यासाठी मी मागच्या बाजूला, कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या आट्यांवर, आधी चिकट पुट्टीचा गोळा लावला होता. चाळीस फोटो संपेपर्यंत दिव्याच्या उबेने ती सैल पडून शेपटी केसभर खाली आली. ती जागची हलल्याचं मला असं कळलं की सवयीने मी शेवटी फोकस पुन्हा पहिल्या जागी आणून एक जास्तीचा फोटो काढला होता. पहिला आणि हा, दोन्ही एकावर एक ठेवले तर ते जुळायला हवेत. ते जुळले नाहीत. तेव्हापासून हा एकेचाळिसावा फोटो मी कधीच चुकवत नाही, आणि बोल्ट जाड सुईला इन्स्टंट ग्लूने चिकटवून सुई स्टँडमध्ये आवळते.

इतकं झाल्यावर उरला तो एकच दोष, आणि तो पूर्ण जाणारा नाही. मागच्या आट्यांवर फोकस असताना पुढची डोक्याची कड फोकसबाहेर पसरते आणि लगतच्या पट्टीवर सावलीसारखी चढते. एफ ८ ला, कडेच्या पाच मिमी मागे फोकस असताना, ही सावली कडेबाहेर बारा-तेरा पिक्सेल येते. त्या पट्टीतले आटे कुठल्याच फोटोत पूर्ण स्वच्छ नसतात, म्हणून जोडलेल्या चित्रात तिथे फिकट कडं दिसतं. यासाठी मी झिरीन स्टॅकर घेतलं. त्यात एकच स्टॅक दोन पद्धतींनी जोडता येतो. `PMax` एकमेकांवर चढलेल्या कडा छान सांभाळते, पण कॉन्ट्रास्ट वाढवते आणि सपाट भागात कण आणते. `DMap` धातूचा रंग आणि मऊ चढउतार जसेच्या तसे ठेवते, पण कड झाकत असेल तिथे गोंधळते. मी `DMap` चं चित्र पाया धरलं आणि फक्त डोक्याची कड जिथे आट्यांवरून जाते तेवढ्या जागी ब्रशने `PMax` रंगवलं. कडं तीन-चार पिक्सेलवर आलं. छापील पानावर ते दिसत नाही, पण पडद्यावर पूर्ण मोठं केलं तर जाणकाराला दिसेल.

इथे एक मोह होतो, पहिला आटा नीट दिसत नसेल तर शेजारचा कॉपी करून बसवण्याचा. मी तो करत नाही. आट्यांसारख्या एकसारख्या नक्षीत एखादा आटा वाढला किंवा गळला तरी चित्र सुंदरच दिसतं, आणि खरेदीदार त्याच आट्यांकडे बघून माल मागवणार असतो. म्हणून जोडलेलं चित्र झालं की मी हातातल्या बोल्टचे आटे भिंगाखाली सुईच्या टोकाने मोजते आणि मग चित्रातले मोजते. या बोल्टवर ३३ होते. चित्रातही ३३ भरले.

पहिल्या बोल्टला असा जवळजवळ आठवडा गेला. पुढचे एम-४ आणि एम-५ प्रत्येकी अर्ध्या तासात झाले. एम-२ गुणिले ८ ला पुन्हा थांबावं लागलं. तो पूर्ण आकाराला घ्यावा लागतो, अॅपर्चर एफ ५.६, आणि मग फोकसची खोली ०.२ मिमीच्या आसपास येते. म्हणजे साडेसात मिमी खोलीच्या चिमुकल्या स्क्रूलाही पन्नास फोटो लागतात. तिथे मात्र मी रेलवर परत गेले. सरकणं इतकं थोडं असतं की डोक्याची कड फारशी हलत नाही, आणि लेन्सच्या फोकसचं सगळ्यांत लहान पाऊल तिथे भरवशाचं वाटेना.

एलन बोल्टचं चित्र काकांना ए-४ कागदावर छापून दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि पेनचं टोक आट्यांवरून सरकवत मोजायला लागले. मी तेहतीस ऐकायला थांबले होते. ते सातव्यावर थांबले. "मॅडम, हा दबलाय. बॅरलमध्ये प्लेटिंग करताना एकमेकांवर आपटतात ना, तेव्हाचा हा. हा नग कॅटलॉगला चालणार नाही." मी पाहिलं. सातव्या आट्याच्या माथ्यावर खरंच एक बारीकशी चपटी जागा होती. मी ती महिनाभर चमक समजत होते.

त्यांनी डब्यातून वीस-पंचवीस बोल्ट टेबलावर ओतले, एकेक बोटांत फिरवून पाहिला आणि एक बाजूला काढला. मी तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, ब्लोअरने फुंकला आणि सुईला चिकटवला. गुरुवार होता, प्रेस बंद होती.